नाकाच्या मापावरून 'वंश' ठरतो का? इंग्रजांनी पट्टी लावून पाहिलं, पण रेघ सापडली नाही

चेहरा बघितला की माणूस कोणत्या वंशाचा ते कळतं, असं आपल्याकडं अनेकांना वाटतं. ईशान्येकडून पुण्या-मुंबईला शिकायला आलेल्या पोरांना 'चिनी' म्हणून चिडवतात, ते यातूनच. इंग्रजांच्या काळात तर सरकारी पातळीवर हे मोजून झालं.

1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांचा भर नाकावर होता. नाकाच्या रुंदीला उंचीनं भागायचं आणि 100 नं गुणायचं. उत्तर 70 च्या खाली आलं तर नाक अरुंद, 70 ते 85 मध्यम, त्यावर रुंद. आता समजा, एकाच्या नाकाची उंची 50 मिलिमीटर आणि रुंदी 42. उत्तर 84, म्हणजे मध्यम. त्याच्या सख्ख्या भावाची रुंदी 43 भरली, की उत्तर 86, म्हणजे रुंद. तांदळाच्या दाण्याच्या जाडीहून कमी फरक, आणि एका आईची दोन लेकरं दोन गटांत! रिस्ले गटांची सरासरी काढायचे हे खरं, पण सरासरीसुद्धा प्रदेशागणिक थोडी थोडीच सरकते. तरी त्यांनी लोकांचे सात प्रकार पाडले आणि मराठा-कुणब्यांना 'शक-द्रविड' असं नाव देऊन टाकलं.

रेघ का सापडत नाही? कारण सोयरीक. पिढ्यान् पिढ्या लोक बहुतेक जवळपासच्या गावांतच लग्नं करत आले. त्यामुळं एखादं वैशिष्ट्य या गावातून त्या गावात, असं हळूहळू पसरतं. दर बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात ना, तसंच. बोली बदललेली कळते, पण नेमकी कोणत्या बांधावर बदलली ते कुणी दाखवू शकत नाही. मध्ये मोठा डोंगर किंवा समुद्र आला, किंवा लग्नं जातीतच होत राहिली, तर फरक जरा ठळक होतो, एवढंच.

दुसरी गंमत अशी, की प्रत्येक वैशिष्ट्याचा नकाशा वेगळा आहे. नाकावर हवामानाचा हात आहे. थंड, कोरड्या हवेत अरुंद नाक श्वास आत जाताना तो गरम आणि ओला करायला बरं पडतं. उष्ण, दमट भागात त्याची तेवढी गरज नसते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर येणारी पापणीची घडी चीन-जपानकडं सर्रास दिसते, तशीच ती दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांतही दिसते. पण केस? चीन-जपानकडचे सरळ आणि जाड, त्यामागं बऱ्याच अंशी एका जनुकातला बदल आहे. सान लोकांचे मात्र बारीक गुंडाळलेले.

म्हणजे डोळ्यावरून गट पाडले तर सान आणि चिनी एका पंगतीत बसतात, केसांवरून पाडले तर दोन टोकांना जातात, आणि नाकावरून पाडले तर पंगती पुन्हा वेगळ्याच लागतात.