टार्गेट बरोबर, पण मंगळवारपर्यंत?

चार्टवरच्या टार्गेटला आकडा असतो, तारीख नसते. 24,300 वर डबल बॉटम झालं, 25,000 ची नेकलाइन ओलांडली, म्हणजे वर आणखी 700, टार्गेट 25,700. हिशेब चोख. पण हे कधी? चार्ट त्यावर गप्प. ऑप्शन घेणाऱ्याचं घड्याळ मात्र मंगळवारच्या एक्स्पायरीकडे धावत असतं.

यावर बाजाराचं मत ऑप्शन चेनमध्येच सापडतं. समजा, बुधवारी सकाळी निफ्टी 25,000 वर आहे. त्याच स्ट्राइकचा कॉल 150 ला आणि पुट 140 ला मिळतोय. दोन्हींची बेरीज 290. दोन्ही घेणाऱ्याला निफ्टी कुठेही गेला तरी चालतो, फक्त 290 पेक्षा जास्त हलला पाहिजे. विकणाऱ्याला नेमकं तेच नको असतं. दोघांची सौद्यावर गाठ पडते तो भाव म्हणजे मंगळवारपर्यंतच्या अपेक्षित हालचालीचा ढोबळ अंदाज: 24,710 ते 25,290. ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. बाजाराचा अंदाज अचूक ठरला तरी दहापैकी चार वेळा निफ्टी या पट्ट्याबाहेर बंद होणारच. बेरीज करताना शेवटच्या सौद्याचा शिळा भाव धरू नका, खरेदी-विक्रीच्या भावांचा मध्य घ्या.

आता 700 ला 290 ने भागा. जवळजवळ अडीच पट. 25,700 चा कॉल अशा वेळी चारेक रुपयांना दिसतो आणि ‘चार रुपयेच तर आहेत’ म्हणून हात शिवशिवतो. पण तो स्वस्त नाही, त्याची लायकीच तेवढी आहे. या भावांवरून मंगळवारी निफ्टी 25,700 च्या वर बंद होण्याची शक्यता निघते जेमतेम तीन टक्के. मधे एकदा तो आकडा शिवून येण्याची शक्यता साधारण दुप्पट.

म्हणून चार्ट खोटा ठरत नाही. हालचाल दिवसांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. सहाऐवजी चौतीस दिवसांची एक्स्पायरी घेतली तर हीच बेरीज 690 च्या आसपास जाते आणि 25,700 आवाक्यात येतं. टार्गेट तेच, मुदत वेगळी. प्रीमियम अर्थातच जास्त, आणि माझ्या मते तो देण्याची तयारी नसेल तर सौदाच करू नये.

हा अंदाज कधी साफ तोंडावर आपटतो तेही पाहू. 3 जून 2024 ला निफ्टी 23,263.90 वर बंद झाला. तेव्हाच्या 21 च्या आसपासच्या इंडिया व्हिक्सवरून एका दिवसाची सर्वसाधारण हालचाल निघत होती तीनेकशे अंकांची. दुसऱ्या दिवशी लोकसभेची मतमोजणी झाली आणि निफ्टी 1,379 अंकांनी कोसळून 21,884.50 वर बंद झाला.