पासवर्ड आहेत, प्रोफाइल बदललंय

जुलै महिना, आयकर विवरणपत्रांची घाई. कर सल्लागाराच्या कार्यालयातला सहायक सकाळी क्रोम उघडतो, पोर्टलवर जातो, तर पासवर्डची चौकट कोरी. काल संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप भरलं जात होतं. पहिली शंका अर्थातच व्हायरसची! अशा वेळी बहुतेकदा घडलेलं असतं ते एवढंच: रात्री कुणीतरी स्वतःची मेल बघायला त्याच संगणकावर नवं प्रोफाइल उघडलं आणि तसंच ठेवून घरी गेलं.

क्रोममध्ये प्रत्येक प्रोफाइलचं फोल्डर वेगळं असतं. पहिल्याचं नाव Default, पुढच्यांची Profile 1, Profile 2 अशी. प्रत्येकात Login Data नावाची आपापली फाइल असते आणि पासवर्ड तिथे राहतात. एका प्रोफाइलला दुसऱ्याची फाइल दिसत नाही, मग संगणक एकच असला तरी. आपण कुठे आहोत हे बघायला पत्त्याच्या पट्टीत chrome://version टाइप करावं. Profile Path या ओळीच्या शेवटी फोल्डरचं नाव दिसतं. सहायकाला तिथे Profile 1 दिसलं. उजव्या कोपऱ्यातल्या गोल चित्रावर क्लिक करून त्याने कार्यालयाचं जुनं प्रोफाइल निवडलं आणि पासवर्ड जागच्या जागी सापडले.

साइन आउटची गोष्ट जरा वेगळी. गुगल खात्यात साठवलेले पासवर्ड खात्यातून बाहेर पडल्यावर त्या संगणकावर दिसेनासे होतात, पण खात्यात शाबूत असतात. passwords.google.com वर त्याच खात्याने साइन इन केलं की यादी दिसते. ‘त्याच’ हा शब्द महत्त्वाचा, कारण अनेकांकडे दोन-तीन जीमेल खाती असतात आणि नेमकं कुठलं वापरत होतो हे आठवत नाही. फक्त संगणकावर साठवलेले पासवर्ड मात्र खात्यात शोधून उपयोग नाही. ते त्या प्रोफाइलच्या फोल्डरातच असतात.

खरा धोका पुढच्या पायरीत आहे. गोंधळलेला माणूस ‘जास्तीचं’ प्रोफाइल काढून टाकतो आणि त्याबरोबर ते फोल्डरही जातं. खात्यात प्रत नसेल तर पासवर्ड गेलेच. Login Data फाइल आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली तरी दुसऱ्या संगणकावर ती कामाची नाही. विंडोजमध्ये त्यातले पासवर्ड त्या वापरकर्त्याच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात.

पासवर्ड एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात न्यायचे तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून ते निर्यात करावेत आणि नव्या ठिकाणी आयात करावेत. निर्यात झालेली सीएसव्ही फाइल कुणीही उघडून वाचू शकतो, म्हणून काम झालं की ती रीसायकल बिनमधूनही काढावी. आणि जुनं प्रोफाइल पुसायचंच असेल, तर आधी नव्या प्रोफाइलमधून दोन-चार ठिकाणी लॉगिन करून बघा.