असंतुलित ब्रिजची उकल: डेल्टाचा स्टार

व्हीटस्टन ब्रिजमध्ये रोधक असतात अवघे पाच. तरीही त्याचा एकूण रोध काढायला बसले की एकसर आणि समांतर जोडणीचे दोन्ही नेहमीचे नियम निरुपयोगी ठरतात. अ, ब, क आणि ड असे चार बिंदू घ्यावेत. बॅटरीची दोन टोके अ आणि ड यांना जोडलेली आहेत. अ पासून ब पर्यंत १० ओहम, अ पासून क पर्यंत ४० ओहम, ब पासून ड पर्यंत ५५ ओहम आणि क पासून ड पर्यंत १० ओहम असे चार रोधक आहेत. पाचवा, ५० ओहमचा, ब आणि क यांना आडवा जोडतो. सगळी अडचण या आडव्या रोधकामुळे येते.

दोन रोधक एकसर म्हणायचे तर त्यांच्या सांध्यावर तिसरी वाट फुटता कामा नये. येथे ब वरही तीन तारा येतात आणि क वरही तीन. समांतर म्हणायचे तर दोन रोधकांची दोन्ही टोके सामाईक हवीत, आणि तशी जोडी या जाळ्यात एकही नाही. म्हणजे सुरुवात करायलाच जागा सापडत नाही.

ब्रिज संतुलित असता तर प्रश्न सोपा होता. अ–ब आणि ब–ड यांचे गुणोत्तर अ–क आणि क–ड यांच्या गुणोत्तराइतके असले, की ब आणि क यांचे विभव समान होतात, आडव्या रोधकातून धारा वाहत नाही आणि तो काढून टाकला तरी काही बिघडत नाही. अज्ञात रोध मोजण्यासाठी हाच गुण वापरला जातो. सॅम्युएल हंटर ख्रिस्टी यांनी १८३३ मध्ये ही मांडणी सांगितली आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८४३ मध्ये ती प्रसिद्धीस आणली. वरच्या उदाहरणात मात्र एका बाजूला १० ला ५५, तर दुसऱ्या बाजूला ४० ला १० असे प्रमाण आहे. ब्रिज चांगलाच असंतुलित आहे आणि आडव्या रोधकातून धारा वाहणारच.

यातून सुटण्याची वाट आर्थर एडविन केनेली यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात दाखवली. केनेली यांचा जन्म १८६१ मध्ये मुंबईच्या कुलाब्यातला. पुढे ते अमेरिकेत एडिसन यांच्याकडे काम करत होते, आणि वातावरणाच्या वरच्या थरांत रेडिओलहरी परतवणाऱ्या पट्ट्याशीही त्यांचे नाव जोडले गेले. त्यांचे म्हणणे असे, की तीन बिंदूंमध्ये त्रिकोणासारखे जोडलेले तीन रोधक, म्हणजे डेल्टा, काढून त्या जागी एका मधल्या बिंदूतून तिन्हीकडे जाणारे तीन रोधक, म्हणजे स्टार, बसवता येतात. आणि रोधांचे आकडे नेमके निवडले तर बाहेरच्या मंडलाला काहीच फरक जाणवत नाही.

फरक जाणवत नाही, याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. डेल्टा एका बंद पेटीत ठेवला आहे आणि बाहेर फक्त अ, ब, क ही तीन टोके आली आहेत, असे मानावे. बाहेरून ओहममीटर लावून तीन मोजमापे करता येतात: अ–ब, अ–क आणि ब–क, प्रत्येक वेळी उरलेले तिसरे टोक मोकळे. आत साधे रोधकच असतील, तर पेटीचे बाहेरचे सगळे वागणे या तीन आकड्यांनी ठरते. म्हणून दुसऱ्या पेटीतला स्टार हेच तीन आकडे दाखवत असेल, तर कोणत्या पेटीत काय आहे हे बाहेरून कोणत्याही उपायाने ओळखता येणार नाही.

उदाहरणातला वरचा त्रिकोण १०, ४० आणि ५० ओहमचा आहे. अ–ब मध्ये मोजताना धारेला दोन वाटा मिळतात: एक थेट १० ओहमची, दुसरी क वरून जाणारी ४० अधिक ५०, म्हणजे ९० ओहमची. १० आणि ९० समांतर असले की ९ ओहम येतात. अ–क मध्ये ४० ला ६० समांतर, म्हणजे २४. ब–क मध्ये ५० ला ५० समांतर, म्हणजे २५. आता स्टारकडे पाहावे. त्याच्या मधल्या बिंदूला म म्हणू. स्टारमध्ये अ–ब मोजले तर अ–म आणि म–ब हे दोन रोधक एकसर येतात आणि क कडे जाणारा मोकळा लोंबत राहतो. त्यामुळे अ आणि ब च्या भुजांची बेरीज ९, अ आणि क च्या भुजांची २४, ब आणि क च्या भुजांची २५ असायला हवी. तिन्ही बेरजा मिळवल्या तर ५८ येतात आणि त्यात प्रत्येक भुजा दोनदा मोजली गेली आहे. म्हणून तीन भुजांची खरी बेरीज २९. त्यातून २५ वजा केले की अ ची भुजा ४ ओहम, २४ वजा केले की ब ची ५, आणि ९ वजा केले की क ची २० ओहम.

हेच गणित आकड्यांऐवजी अक्षरांनी केले तर एक छोटा नियम हाती येतो. स्टारची कोणतीही भुजा काढायची असेल, तर त्या बिंदूला येऊन मिळणाऱ्या डेल्टाच्या दोन रोधकांचा गुणाकार करावा आणि त्याला तिन्ही रोधकांच्या बेरजेने भागावे. अ वर १० आणि ४० येतात. गुणाकार ४००, बेरीज १००, उत्तर ४. ब वर १० आणि ५० येतात, म्हणून ५. क वर ४० आणि ५०, म्हणून २०. नियम पाठ करण्यापेक्षा तीन मोजमापांची युक्ती लक्षात ठेवणे जास्त भरवशाचे; नियम विसरला तरी तिच्यावरून तो दोन मिनिटांत पुन्हा उभा करता येतो.

आता आकृती नव्याने काढावी. त्रिकोणाचे तिन्ही रोधक पुसून टाकायचे, कारण त्यांची जागा स्टारने घेतली आहे. नवी आकृती अशी दिसते: अ पासून म पर्यंत ४ ओहम, आणि म पासून दोन फाटे. एका फाट्यात ५ आणि ५५ एकसर, म्हणजे ६० ओहम. दुसऱ्यात २० आणि १० एकसर, म्हणजे ३०. दोन्ही फाटे म आणि ड यांच्यात समांतर आहेत, त्यांचा मिळून रोध २० ओहम. त्यात सुरुवातीचे ४ मिळवले की ब्रिजचा समतुल्य रोध २४ ओहम.

हे उत्तर पटण्याजोगे आहे का, हे पाहण्याची एक उत्तम कसोटी आहे आणि पाठ्यपुस्तकांनी तिला अधिक जागा द्यायला हवी. जाळ्यातला कोणताही एक रोध वाढवला तर एकूण रोध कधीच कमी होत नाही. त्यामुळे आडवा रोधक पूर्ण काढून टाकला तर येणारे उत्तर ही वरची मर्यादा, आणि त्याच्या जागी कोरी तार लावली तर येणारे उत्तर ही खालची. काढून टाकल्यास ६५ आणि ५० समांतर, म्हणजे सुमारे २८.२६ ओहम. तार लावल्यास १० व ४० समांतर आणि ५५ व १० समांतर हे दोन गट एकसर येतात, म्हणजे ८ अधिक सुमारे ८.४६, एकूण १६.४६. चोवीस या दोहोंच्या मध्ये बसते. उत्तर या पट्ट्याबाहेर गेले तर गणितात चूक आहे, हे नक्की. मात्र पट्ट्यात बसलेले प्रत्येक उत्तर बरोबरच असेल, असे नाही. संतुलनाची अट न तपासता आडवा रोधक सरसकट वगळणाऱ्याला २८.२६ मिळेल, म्हणजे सव्वाचार ओहमांची चूक.

आणखी बारीक तपासणी धारेवरून होते. बॅटरी ७२ व्होल्टची मानली तर २४ ओहममधून ३ अँपिअर धारा निघते. अ–म मध्ये १२ व्होल्ट खर्ची पडतात, म्हणून म चे विभव ६० व्होल्ट. ६० ओहमच्या फाट्यातून १ अँपिअर आणि ३० ओहमच्या फाट्यातून २ अँपिअर वाहतात. त्यावरून ब चे विभव ५५ व्होल्ट आणि क चे २० व्होल्ट. हे विभव मूळ ब्रिजमध्येही तेच असतात, म्हणून आता मूळ आकृतीकडे परत जायचे. अ–ब मध्ये १७ व्होल्टचा फरक आणि १० ओहम, म्हणून १.७ अँपिअर. अ–क मध्ये ५२ व्होल्ट आणि ४० ओहम, म्हणून १.३ अँपिअर. दोन्ही मिळून ३, जुळले. ब आणि क मध्ये ३५ व्होल्टचा फरक, म्हणून ५० ओहममधून ०.७ अँपिअर ब कडून क कडे. ब वर १.७ आले, ०.७ आडवे गेले, उरला १. क वर १.३ मध्ये ०.७ मिळाले, झाले २. किरखॉफचा धारेचा नियम दोन्ही सांध्यांवर पाळला गेला.

येथे एक गोष्ट बजावून सांगायला हवी. म हा बिंदू फक्त कागदावर आहे. खऱ्या ब्रिजमध्ये त्याला मल्टिमीटर लावता येणार नाही. स्टारच्या ४ ओहमच्या भुजेतली धारा ही मूळच्या कोणत्याही एका रोधकातली धारा नव्हे. उष्णतेचेही तसेच. स्टारच्या तीन भुजांत ३६, ५ आणि ८० वॅट खर्च होतात. डेल्टाच्या तीन रोधकांत २८.९, ६७.६ आणि २४.५ वॅट. दोन्हींची बेरीज १२१ येते, वाटणी मात्र वेगळी. एखादा रोधक तापून जळेल का, असा प्रश्न असेल तर मूळ आकृतीत परतूनच हिशेब करावा लागतो.

सर्वांत जास्त चुका गुणाकारात जोडी चुकीची घेतल्याने होतात: बिंदूला मिळणाऱ्या रोधकांऐवजी समोरची बाजू घेतली जाते. ओळखायची खूण अशी, की स्टारची भुजा आपल्या शेजारच्या दोन्ही डेल्टा-रोधकांपेक्षा लहानच असते. तिन्ही रोधक सारखे असतील तर प्रत्येक भुजा एकतृतीयांश. त्रिकोण कोणता निवडायचा, याला बंधन नाही. ब, क, ड हा खालचा त्रिकोण घेतला असता, तर बेरीज ११५ येऊन भागाकार दशांशात अडकले असते, पण शेवटी उत्तर २४ च मिळाले असते. ज्या त्रिकोणाची बेरीज सोयीची, तो घ्यावा.

शेतातल्या पंपाच्या पॅनेलमध्ये असतो तो स्टार-डेल्टा स्टार्टर मात्र वेगळा. तेथे मोटरची तीच गुंडाळी आधी स्टारमध्ये आणि मग डेल्टामध्ये खरोखर जोडली जाते, आणि स्टारमध्ये असताना लाइनमधून डेल्टाच्या एकतृतीयांश धारा खेचली जाते म्हणूनच ती जोडणी सुरुवातीला वापरतात. दोन जोडण्या तेथे समतुल्य असत्या, तर स्टार्टरचा उपयोगच उरला नसता.

या पद्धतीला ओहमचा नियम पाळणारे घटक लागतात. त्रिकोणात डायोड असेल, तर रोध धारेबरोबर बदलतो आणि एकदा काढलेला स्टार दुसऱ्या व्होल्टेजला चालत नाही. तापणाऱ्या बल्बच्या तारेचेही तसेच. प्रत्यावर्ती धारेत कॉइल आणि कपॅसिटर असले तरी नियम तोच राहतो, फक्त रोधाऐवजी संमिश्र संख्येतली प्रतिबाधा घ्यावी लागते आणि काढलेला स्टार त्या एकाच वारंवारतेपुरता खरा असतो. ब्रिजच्या मध्यभागी आजचे डिजिटल व्होल्टमीटर जोडलेले असेल, तर त्याचा रोध बहुधा १० मेगओहमच्या घरात असतो. अशा वेळी आडवी वाट तुटलेलीच मानून दोन बाजू समांतर धरल्या तरी पुरते. जुन्या गॅल्व्हानोमीटरच्या कॉइलचा रोध त्या मानाने फारच कमी असतो, म्हणून त्याच्या बाबतीत ही सवलत घेता येत नाही.