चार वजीर आणि मागे घेतलेलं पाऊल

कागदावर चार ओळी आणि चार रकाने असा सोळा घरांचा पट आखा. त्यावर चार वजीर असे बसवायचे की कोणीच कोणाला मारू शकणार नाही. वजीर आडवा, उभा, तिरपा कसाही आणि कितीही घरं चालतो. म्हणजे एका ओळीत एकच वजीर, एका रकान्यात एकच, आणि तिरप्या रेषेतही दोघे समोरासमोर नकोत. खडे किंवा बटणं घेऊन हे कोडं खरंच मांडून बघा. संगणकशास्त्रात ज्याला बॅकट्रॅकिंग म्हणतात ती पद्धत त्यातून जितकी नीट कळते, तितकी व्याख्येतून कळत नाही.

प्रत्येक ओळीत एक वजीर हवाच, म्हणून वरून खाली एकेक ओळ घेऊ आणि प्रत्येक ओळीत डावीकडून घरं तपासू. पहिला वजीर रकाना 1 मध्ये बसवला. दुसऱ्या ओळीत रकाना 1 आणि 2 त्याच्या माऱ्यात आहेत, म्हणून दुसरा वजीर 3 मध्ये. आता तिसऱ्या ओळीत बघा: चारही घरं कोणा ना कोणाच्या माऱ्यात. चौथ्या ओळीकडे जाण्यात अर्थच नाही. ती बघायची आधीच वाट सोडून द्यायची, आणि सगळी बचत होते ती इथेच.

आता काय करायचं? बहुतेक जण वैतागून सगळे खडे उचलतात आणि नव्याने मांडतात. तसं केलं की आधी काय तपासलं ते विसरतं आणि त्याच चुका फिरून होतात. पद्धत म्हणते, फक्त शेवटचा वजीर उचला. दुसरा वजीर 3 मधून काढून 4 मध्ये ठेवला, तर तिसऱ्या ओळीत रकाना 2 मोकळा मिळतो. पण चौथी ओळ पुन्हा बंद. तिसरा वजीर 3 किंवा 4 मध्ये सरकवावा, तर तीही घरं माऱ्यात. मग तो उचला. दुसऱ्या वजिराचेही पर्याय आता संपलेत, तोही उचला. पट रिकामा होत पहिल्या वजिरापर्यंत आलो, आणि एक गोष्ट पक्की झाली: पहिल्या घरात वजीर ठेवून उत्तर मिळणारच नाही. हे नुसतं अपयश नाही, ही सिद्ध झालेली माहिती आहे.

पहिला वजीर 2 मध्ये ठेवा. दुसऱ्याला फक्त 4 मोकळा, तिसऱ्याला 1, चौथ्याला 3. कोडं सुटलं.

हाताने सोडवताना चूक बहुधा वजीर उचलताना होते. माऱ्यातल्या घरांवर पेन्सिलीने फुल्या मारत गेलात असं समजा. पहिला वजीर रकाना 1 मध्ये आणि दुसरा 3 मध्ये असताना तिसऱ्या ओळीतलं तिसरं घर दोघांच्याही माऱ्यात येतं. दुसरा वजीर उचलून त्याच्या फुल्या पुसल्या, तर हीही फुली जाते आणि घर मोकळं वाटू लागतं. पहिला वजीर मात्र तिरपा तिथवर पोचतोच आहे. यावर उपाय साधा आहे. फुलीऐवजी वजिराचा क्रमांक लिहायचा आणि वजीर उचलला की त्याचाच क्रमांक पुसायचा. प्रोग्राममध्येही हाच घोटाळा होतो. खूण जास्त पुसली, तर एकमेकांना मारणारे वजीर उत्तर म्हणून समोर येतात. पुसायची राहिली, तर उत्तर असूनही ‘नाही’ असा निकाल येतो. म्हणून उत्तर माहीत असलेलं छोटं कोडं आधी सोडवून बघावं. चार वजिरांची उत्तरं दोनच: रकाने 2, 4, 1, 3 आणि त्याचं आरशातलं रूप 3, 1, 4, 2.

मूळ कोडं आठ वजिरांचं. माक्स बेझेल या जर्मन बुद्धिबळपटूने ते 1848 मध्ये मांडलं. गणिती गाऊसलाही त्यात रस वाटला होता. त्याची 92 उत्तरं आहेत. प्रत्येक ओळीत एक वजीर धरला, तरी पूर्ण मांडण्या होतात 1,67,77,216. आपल्या पद्धतीने मात्र सगळी उत्तरं शोधून संपेपर्यंत वजीर फक्त 2,056 वेळा पटावर ठेवावा लागतो.

तरीही या पद्धतीला एक आंधळेपणा आहे. चार वजिरांच्या खेळात खरी चूक पहिल्याच घरात होती, पण अडचण दिसली ती तिसऱ्या-चौथ्या ओळीत. पद्धतीला मूळ दोष कुठे आहे हे कळत नाही. ती जवळच्या पावलापासून एकेक मागे येते. पट लहान असेल तर हा वेळ जाणवत नाही. मोठ्या पटावर पहिल्या ओळीतली चूक पंधराव्या ओळीत उघडी पडली, तर मधल्या ओळींतले कितीतरी निरुपयोगी पर्याय चाळून झाल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही. म्हणून जाणकार ओळींचा ठरलेला क्रम सोडतात आणि ज्या ओळीत मोकळी घरं सर्वांत कमी उरली आहेत ती आधी भरतात. वाट बंद असेल तर ते तिथेच लवकर कळतं. सुडोकूत एकच आकडा बसू शकेल असा चौकोन आपण आधी शोधतो, तोही याच कारणाने.