भावामागची टक्केवारी

इंग्लंडमधल्या फुटबॉल सामन्याचा भाव लंडनमधल्या जुन्या वळणाचा बुकी ११/१० असा सांगेल, युरोपातली वेबसाइट २.१० दाखवेल आणि अमेरिकी वेबसाइटवर तोच भाव +११० असा दिसेल. तिघेही म्हणतात एकच: यजमान संघावर १०० लावा, संघ जिंकला तर तुमचे १०० परत मिळतील आणि वर ११० नफा. नवख्या माणसाचं लक्ष त्या ११० वर जातं. पण भाव वाचायचा तर आधी त्याची टक्केवारी काढायला हवी. हा संघ शंभरातून किती वेळा जिंकेल असं गृहीत धरून हा भाव लावला आहे?

हिशोब एकच आहे. लावलेली रक्कम भागिले जिंकल्यावर हातात येणारी एकूण रक्कम. इथे १०० भागिले २१०, म्हणजे ४७.६ टक्के.

दशांश भावात ही एकूण रक्कम आधीच धरलेली असते, म्हणून १ ला भावाने भागलं की काम झालं: १ ÷ २.१०. अपूर्णांकाचा भाव मात्र फक्त नफा सांगतो. ११/१० म्हणजे १० लावले तर ११ नफा, म्हणून खालचा आकडा भागिले दोन्हींची बेरीज: १० ÷ २१. घोटाळा इथेच होतो. ५/२ हा भाव म्हणजे २.५ असं अनेकजण समजतात आणि शक्यता ४० टक्के काढतात. खरं तर लावलेले पैसेही परत येत असल्यामुळे दशांशात तो ३.५ होतो आणि शक्यता उरते जेमतेम २८.६ टक्के.

अमेरिकी मनीलाइनमध्ये आधी चिन्ह पाहायचं. अधिक चिन्ह असेल तर १०० लावल्यावर नफा किती, हे तो आकडा सांगतो. +११० साठी १०० ÷ २१०. उणे चिन्ह असेल तर १०० नफा मिळवायला किती लावावे लागतील, ते कळतं. −१५० म्हणजे १५० लावा, एकूण २५० मिळवा. १५० ÷ २५०, म्हणजे ६० टक्के. उणे चिन्हाच्या भावातून निघणारी टक्केवारी निम्म्याहून जास्त असते.

आता त्याच सामन्याचे तिन्ही भाव एकत्र घेऊ. यजमान २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.६०. टक्केवारी येते ४७.६, २९.४ आणि २७.८. बेरीज केली तर १०४.८! सामन्याचा निकाल या तिन्हींपैकी एकच लागणार, मग शक्यतांची बेरीज शंभरावर कशी जाईल?

वरचे ४.८ हे बुकीचं मार्जिन. खात्री करायची असेल तर तिन्ही निकालांवर अनुक्रमे ४७.६, २९.४ आणि २७.८ रुपये लावून पाहा. निकाल काहीही लागो, हातात सुमारे १०० रुपयेच येतील, खिशातून मात्र १०४.८ गेलेले असतील.

म्हणून बुकीचा खरा अंदाज हवा असेल तर प्रत्येक टक्केवारीला १.०४८ ने भागायचं. यजमानांची शक्यता मग ४५.४ टक्के होते, बरोबरीची २८.१ आणि पाहुण्यांची २६.५. हाही ढोबळ हिशोबच. बुकी मार्जिन सर्वांवर सारखं वाटत नाहीत, जिंकण्याची आशा कमी असलेल्या बाजूवर ते बरेचदा जास्त लादलेलं असतं. २०१५-१६ च्या हंगामाआधी लेस्टर सिटीचा भाव ५०००/१ होता, म्हणजे १ ÷ ५००१, सुमारे ०.०२ टक्के. लेस्टरने विजेतेपद मिळवलं. पण तेवढ्यावरून भाव चुकीचा होता असं सिद्ध होत नाही. एका निकालावरून शक्यतेची परीक्षा होत नसते.

टक्केवारीचा उपयोग काय, तर ती तुमचा उंबरठा सांगते. २.१० भावाने पैसे लावणाऱ्याचा संघ दीर्घकाळात ४७.६ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकला, तरच त्याला फायदा. बुकीच्याच मते तो ४५.४ टक्के वेळा जिंकणार असेल, तर तुम्हाला त्याच्याहून अचूक अंदाज बांधता यायला हवा, आणि तोही बुकीइतकीच माहिती, आकडे आणि माणसं हाताशी नसताना.

भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, त्यामुळे मोबाइलवर असा भाव दाखवणारं अ‍ॅप कितीही आकर्षक वाटलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नये. जिथे हा व्यवहार कायदेशीर आहे तिथल्या वाचकांनीही पैसे काढण्याआधी सगळ्या निकालांच्या टक्केवारीची बेरीज करून पाहावी. बेरीज शंभराच्या जितकी वर, तितकं नुकसान सुरुवातीलाच तुमच्या नावावर जमा झालेलं असतं.