फिन्स 15 की 25?

सकाळी 9. मैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक भागातलं आमचं टेस्टिंगचं टेबल. समोर सौरपंपाच्या कंट्रोलरचा बंद डबा. पंखा नाही, त्यामुळे 30 वॅट उष्णता मागच्या हीट सिंकनेच बाहेर टाकायची. बेसचं माप ठरलेलं आहे: रुंदी 150 मिमी, उंची 100 मिमी. फिन 2 मिमी जाड आणि 40 मिमी बाहेर आलेली. प्रश्न एकच, फिन्स किती ठेवायच्या?

10. बेळगावहून नुकताच रुजू झालेला सहकारी म्हणतो, "दादा, 25 बसवू. जितक्या फिन्स, तितका पृष्ठभाग." पृष्ठभाग वाढेल हे खरं, पण फट राहील जेमतेम 4 मिमी. प्रत्येक फिनला चिकटून तापलेल्या हवेचा थर वर सरकतो. फट अरुंद असली की समोरासमोरचे थर एकमेकांत मिसळतात, आणि खालून थंड हवा आत यायला वाट उरत नाही.

11.30. आकडेमोड. एलेनबासने 1942 मध्ये समांतर पत्र्यांवर केलेलं काम आणि बार-कोहेन व रोसेनाव यांनी 1984 मध्ये मांडलेलं सूत्र हाताशी आहे. बाहेर 35 अंश, बेस 75 अंश धरला. मैसूर समुद्रसपाटीपासून साधारण 770 मीटर उंच, म्हणजे हवा थोडी विरळ. किनाऱ्यावर योग्य फट 6.8 मिमी आली असती, इथे 7.1 येते.

मग एकेक संख्या घालून पाहिली. 9 फिन्सना हवेवाटे सुमारे 22 वॅट जातात, 15 ला 31, 17 लाही 31, 19 ला 28 आणि 25 ला फक्त 14 ते 15. पृष्ठभाग दीडपटीहून जास्त, काम निम्मं!

दुपारी 2. 15 आणि 25 फिन्सचे दोन्ही नमुने उभे टांगले, मागे 30 वॅटचा रेझिस्टर, बेसवर थर्मोकपल. तापमान स्थिरावायला पाऊण तास लागतो. त्याआधीचं वाचन फसवं. 25 वाला नमुना बारा-पंधरा अंशांनी जास्त तापला. खालच्या कडेशी उदबत्ती धरली: 15 च्या फटींत धूर सरळ वर ओढला गेला, 25 च्या तोंडाशी तो घुटमळून बाजूने निघाला.

4. 15 आणि 17 बरोबरीत असतील तर 15 का? ॲल्युमिनियम कमी लागतं, आणि शेतातली धूळ बसून फट मिलिमीटरभर आवळली तरी 15 च्या फटी 7.6 मिमी राहतात. 17 च्या 6.3 मिमीवर येतात, म्हणजे योग्य फटीच्या खाली. तिथून उष्णता टाकण्याची क्षमता झपाट्याने घसरते. थोडी सैल फट स्वस्तात पडते, थोडी अरुंद महागात.

5.30. ड्रॉइंग पाठवलं: 15 फिन्स, फट 8.6 मिमी. सोबत सूचना, फिन्स उभ्याच बसवाव्यात. आडव्या बसवल्या तर हवा फटींत अडकते आणि वरचा सगळा हिशोब लागू होत नाही. पुढे कुणी पंखा जोडला, तरी संख्या नव्याने काढावी लागेल. हवा जोराने ढकलली जाते तेव्हा याहून बऱ्याच अरुंद फटी चालतात.