तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पण फ्लोराइडची

अंधेरी असो की मुलुंड, औषधांच्या दुकानात मुलांची टूथपेस्ट घेताना पालक आधी चव बघतात आणि मग ‘फ्लोराइडविरहित’ ही ओळ शोधतात. मुलाचे दात आणि त्याची सुरक्षितता मात्र दोन वेगळ्या गोष्टींवर ठरते: पेस्टमध्ये फ्लोराइड किती आहे आणि ब्रशवर पेस्ट किती घेतली आहे.

गैरसमज: लहान मुलांना फ्लोराइड नसलेली पेस्टच बरी.

फ्लोराइडचं मुख्य काम पोटात नव्हे, दातांच्या पृष्ठभागावर चालतं. गोड खाल्लं की तोंडातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्या आम्लात एनॅमलमधली खनिजं विरघळू लागतात. लाळ ती खनिजं परत बसवत असते. फ्लोराइड असेल तर ही डागडुजी लवकर होते आणि जास्त टिकते. दुधाच्या दातांचं एनॅमल पातळ असल्याने तिथे ही मदत अधिक लागते. अनेक चाचण्यांचे एकत्रित आढावे पाहिले तर १००० पीपीएम किंवा त्याहून जास्त फ्लोराइड असलेल्या पेस्टने कीड कमी होते, याचा पुरावा भक्कम आहे. ५०० पीपीएमच्या आसपासच्या पेस्टबद्दल तसं म्हणता येत नाही. भारतात १००० पीपीएम ही कायद्याने घातलेली कमाल मर्यादा आहे आणि हा आकडा ट्यूबवर छापणं बंधनकारक आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडमुळे लोकांना त्रास झाला, मग ते मुलांना का द्यायचं, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. पण तिथे त्रास झाला तो खडकांतून भूजलात उतरलेलं फ्लोराइड वर्षानुवर्षं पिण्यातून पोटात गेल्यामुळे. बोरिवली-घाटकोपरच्या नळाला भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या जलाशयांतलं पावसाचं पाणी येतं आणि अशा पाण्यात फ्लोराइड सहसा कमीच असतं. पिण्यासाठी बोअरवेलचं पाणी वापरत असाल, तर ते एकदा तपासून घ्यावं.

गैरसमज: ब्रश भरून पेस्ट घेतली तरच दात स्वच्छ होतात.

दातांवरचा थर निघतो तो ब्रशच्या केसांनी. फेस जास्त झाला म्हणून सफाई जास्त होत नाही. १००० पीपीएमच्या एक ग्रॅम पेस्टमध्ये १ मिलिग्रॅम फ्लोराइड असतं आणि जाहिरातीत दिसणारी लांब पट्टी साधारण एक ग्रॅमची भरते. समजा, दोन वर्षांचं, बारा किलो वजनाचं मूल अशी पट्टी दिवसातून दोनदा गिळतं. त्याच्या पोटात २ मिलिग्रॅम जातं, तर एक ते तीन वर्षांसाठी अमेरिकेत ठरवलेली रोजची कमाल मर्यादा १.३ मिलिग्रॅम आहे. आता पेस्ट तीच, पण तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे ०.१ ग्रॅम घ्या. दोन्ही वेळा सगळी गिळली तरी ०.२ मिलिग्रॅमच जातं. ५०० पीपीएमची पेस्ट घेऊन पट्टी लांबच ठेवली, तर पोटात १ मिलिग्रॅम जातं, म्हणजे त्या दाण्याच्या पाचपट. म्हणून फ्लोराइड निम्मं करण्यापेक्षा पेस्ट कमी करणं अधिक सुरक्षित आहे आणि दातांचं संरक्षणही त्यात सुटत नाही. पहिला दात आल्यापासून तीन वर्षांपर्यंत तांदळाचा दाणा, तीन ते सहा वर्षं वाटाणा, हे प्रमाण ठेवावं. रोज जास्त गिळलं गेलं तर हिरडीखाली घडत असलेल्या कायमच्या दातांवर पुढे पांढुरके ठिपके दिसू शकतात. ट्यूब खाल्ली तर गोष्ट वेगळी: वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम ही धोक्याची पातळी मानतात. बारा किलोच्या मुलासाठी ती ६० मिलिग्रॅम होते आणि १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम असतं. असं झाल्यास दूध पाजून, उलटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

गैरसमज: गोड चवीमुळे दात किडतात, आणि थुंकणं मूल मोठं झालं की आपोआप येतं.

पेस्टचा गोडवा सहसा सॉर्बिटॉल, सॅकरिन यांसारख्या पदार्थांचा असतो, त्याने कीड लागत नाही. स्ट्रॉबेरीच्या चवीची अडचण वेगळी आहे: पेस्ट खाऊसारखी लागते, मूल ती चाटतं, आणखी मागतं. तिखट पुदिन्याने जे मूल तोंडच उघडत नाही, त्याला गोड चव जरूर द्या. मात्र पेस्ट मोठ्यांनीच लावावी आणि ट्यूब मुलाच्या हाती लागू देऊ नये. दोन वर्षांच्या आत थुंकणं बहुतेकांना जमत नाही, म्हणून तेव्हा मूल खाली वाकलेलं ठेवून ब्रश करावा आणि उरलेला फेस ओल्या फडक्याने टिपावा. पुढे पेस्टशिवाय, नुसत्या पाण्याचा घोट बेसिनमध्ये टाकायचा सराव करून घ्यावा; मान वर असली की घोट घशात उतरतो, म्हणून हनुवटी खालीच हवी. हे जमलं की वाटाण्याएवढ्या पेस्टवर यावं, तीन वर्षं पूर्ण होऊनही जमलं नसेल तर दाण्यावरच थांबावं. फेस थुंकल्यावर भरपूर चुळा भरायला लावू नका: त्या पाण्यासोबत दातांवरचं फ्लोराइड निघून जातं आणि लहान मूल त्यातलं बरंचसं पाणी पिऊनही टाकतं.